क्रियापद येईपर्यंत कान थांबत नाहीत

> मराठीत क्रियापद शेवटी येतं, मग वाक्य संपेपर्यंत आपण अर्थ लावायचं थांबतो का?

नाही, थांबत नाही. हे वाक्य एकेक शब्द घेऊन ऐका: 'रमाने पत्र लिहिलेल्या मुलाला ओळखलं.'

'रमाने' ऐकताच आपण तिला कर्ता धरतो, आणि 'पत्र लिहिलेल्या'पर्यंत पत्र तिनेच लिहिलेलं असतं. 'मुलाला' आला तरी ते टिकतं: रमाने ज्याला पत्र लिहिलं तो मुलगा. मग येतं 'ओळखलं'. कुणी ओळखलं? आता रमाला आतल्या वाक्यातून काढून बाहेर आणावं लागतं आणि पत्र मुलाच्या नावावर जातं. असं आधी चुकीच्या अर्थाकडे नेऊन मग मागे फिरायला लावणारं वाक्य म्हणजे गार्डन पाथ वाक्य. बोलताना 'रमाने'नंतर जरा थांबलात, तर चकवा बहुधा लागतच नाही.

फ्रेझियर आणि रेनर या संशोधकांनी 1982 मध्ये इंग्रजी वाचकांच्या डोळ्यांची हालचाल मोजली, तेव्हा नजर अशाच जागी रेंगाळत होती, मागे वळत होती. ऐकताना मागे वळायची सोय नसते. मला सर्वांत विलक्षण वाटतं ते पुढचं: 'ॲना कपडे घालत असताना बाळ खेळत होतं' अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्यात 'बाळ' हा शब्द 'कपडे घालत'च्या लगेच पुढे येतो, म्हणून आधी ॲना बाळालाच कपडे घालतेय असं वाटतं; पण पूर्ण वाक्य वाचूनही बरेच जण ॲनाने बाळाला कपडे घातले असंच सांगतात. रचना दुरुस्त होते, पण पहिला अर्थ पुसला जात नाही.