हत्यार तुटणं: थरार की डोकेदुखी?

रोहन: ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ पहिल्यांदाच खेळतोय. चांगली तलवार मिळते, चार मारामाऱ्या होतात आणि ती फुटते. दुरुस्तीची सोयच नाही. यात खरंच मजा आहे का, की आपल्याला उगाच दमवायचं काम आहे?

सायली: मजा आहे, आणि ती दुरुस्ती नाही म्हणूनच आहे. ‘विचर ३’ आठव. तलवार झिजली की लोहाराकडे जायचं, पैसे द्यायचे, बाहेर पडायचं. त्यात तू काहीच ठरवत नाहीस, फक्त फी भरतोस. इथे मात्र हत्यार लाल लुकलुकायला लागलं की खरा प्रश्न पडतो: अजून एक घाव घालू, की फेकून मारू? शेवटचा, तोडणारा घाव दुप्पट लागतो. सुरुवातीच्या पठारावर मी हाताशी काही उरलं नाही म्हणून टेकडीवरून दगड ढकलून अख्खा तळ झोपवला होता. न तुटणारी तलवार असती तर ते सुचलंच नसतं.

मंदार: पठारापुरतं पटतं. पुढचा हिशोब करून बघ. साधी ट्रॅव्हलर्स तलवार: मारा 5, आयुष्य 20 घाव. लाल बोकोब्लिनचा जीव 13, म्हणजे तीन घाव. एका शत्रूवर तलवारीचा सातवा हिस्सा गेला, ठीक आहे. आता शेवटाकडे ये. तू जितके शत्रू मारशील तितके पुढचे दणकट होत जातात आणि चंदेरी बोकोब्लिन यायला लागतात, जीव 720. रॉयल ब्रॉडस्वोर्डचा मारा 36, आयुष्यही 36 घाव. म्हणजे 20 घाव एकाच बोकोब्लिनवर! निम्म्याहून जास्त तलवार गेली आणि हाती काय, त्याची शिंगं आणि दात, नशीब असेल तर एखादं रत्न. म्हणून लोक शेवटी शेवटी तळाला वळसा घालून जातात. लढाईच टाळावीशी वाटणं याला मी थरार म्हणणार नाही.

गिरीश काका: दुरुस्ती नाही असं कोण म्हणतं? डोंगराकडचा तो ऑक्टोरॉक हत्यार गिळतो आणि नवं करून थुंकतो. आमच्या मुलाने करून दाखवलंय.

सायली: काका, मुलगा बहुतेक ‘टीअर्स ऑफ द किंगडम’ (2023) खेळत असणार. त्यात ऑक्टोरॉक बहुतेक हत्यारांचं आयुष्य भरून देतो. 2017 च्या या खेळात तो फक्त गंजलेलं हत्यार घेतो. इतर हत्यार पुढे धरलं तर उपयोग नाही.

पिंट्या_०७: अरे माझी मास्टर सोर्ड गेली!! एवढी मेहनत करून काढली होती. जुनं सेव्ह लावू का?

मंदार: काही लावू नकोस. ती तुटत नाही, तिची शक्ती संपते. दहा मिनिटांनी परत मिळेल. आणि बघा, खेळ बनवणाऱ्यांनाही सर्वांत लाडकी तलवार कायमची मोडायचा धीर झाला नाही.

अद्वैत: मंदारचे आकडे बरोबर आहेत, पण त्याने समोरून भिडून हिशोब केलाय. रात्री मागून दबक्या पावलांनी गेलास तर पहिला घाव आठपट लागतो. 36 चे 288, आणि त्यात आयुष्यातला एकच घाव खर्च. उरलेल्या 432 ला 12 पुरतात. वीसचे तेरा झाले. लायनेलची तर गंमतच आहे: त्याच्या पाठीवर चढून मारलंस तर हत्यार अजिबात झिजत नाही. खेळ हळूच सांगतोय की रांगडेपणाने मारू नकोस. ज्यात कसं मारायचं हे झिजेवरून बदलत नाही, तिथे ती ठेवण्यात अर्थ नाही. ‘डार्क सोल्स ३’ मध्ये बोनफायरला बसलं की सगळं भरून यायचं, त्यामुळे तिथे झीज आहे हेच बरेच जण विसरायचे. ‘एल्डन रिंग’ (2022) मध्ये ती काढूनच टाकली.

मंदार: बरोबर, आणि कुणाला चुकचुकलं पण नाही! तुझा आठपट घाव तळातल्या पहिल्यालाच. तो ओरडला की बाकीचे जागे, मग उरलेल्या तिघांना वीस-वीस घाव. साठ झाले. पाठीवर चढायचा प्रकार लायनेलपुरता. त्यांच्याच हातातली हत्यारं उचलायची म्हणशील तर पिशवीत जागा हवी, म्हणजे आधी कोरोकच्या बिया शोधत हिंडा.

सायली: बिया शोधणं तुला काम वाटतं, मला तोच खेळ वाटतो. इथे आपलं जमायचं नाही.

रोहन: मी चंदेरीपर्यंत पोचलोच नाहीये अजून. सध्या पिशवीत सहा बऱ्या तलवारी आहेत आणि मोडतील म्हणून एकही वापरत नाही, झाडाची फांदी घेऊन फिरतोय.

अद्वैत: वापर रे. रक्तचंद्राच्या रात्री शत्रूही परत येतात आणि पडलेली हत्यारंही. साठवून ठेवलेल्या तलवारीसाठी पुढे जागा अडते, तेव्हा तीच टाकून द्यावी लागते.