प्रतिसाद: छेदक लवचिकता जास्त दिसली तरी बाजार एकच असतो का?

> सेलोफेन महागलं की गिऱ्हाईक मेणकागदाकडे वळतं. छेदक लवचिकता जास्त, म्हणजे दोन्हींचा बाजार एकच ना?

छेदक लवचिकता म्हणजे एका वस्तूची किंमत वाढली की दुसरीची मागणी किती वाढते त्याचं माप. सेलोफेन बनवणाऱ्या ड्यू पॉन्ट कंपनीच्या १९५६च्या खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचं बहुमत तुमच्याच वाटेनं गेलं. सेलोफेनच्या विक्रीत कंपनीचा वाटा जवळपास ७५ टक्के होता. सगळी लवचिक वेष्टनं एका बाजारात धरल्यावर सेलोफेनचा वाटा २० टक्क्यांच्या आत आला आणि कंपनी मक्तेदारीच्या आरोपातून सुटली.

गडबड कुठे होते ते कळायला आधी बाजाराची हद्द ठरवायची चाचणी आकड्यांत बघा: ती वस्तू एकाच विक्रेत्याच्या हातात असेल, तर किंमत थोडी वाढवणं त्याला परवडेल का? समजा किंमत १०० रुपये, एका नगाचा वाढीव खर्च ६०, विक्री १००० नग; नफा ४०,००० रुपये. किंमत ५ टक्के वाढवली की नगामागे ४५ सुटतात, म्हणजे तेवढ्याच नफ्याला ८८९ नग पुरतात. १११हून कमी नग गळाले तर वाढ परवडते आणि बाजार तिथेच थांबतो. जास्त गळाले तर सर्वांत जवळचा पर्याय आत घेऊन चाचणी पुन्हा करायची.

पण मक्तेदारानं किंमत आधीच परवडेल तितकी ताणलेली असते. तिथून आणखी ५ टक्के वाढवणं त्याला तोट्याचंच ठरणार, कारण त्या चढ्या भावात मेणकागदही पर्याय वाटू लागतो. म्हणजे ती लवचिकता मक्तेदारीमुळेही आलेली असू शकते, आणि आपण तिलाच स्पर्धेचा पुरावा मानून बसतो!

विलीनीकरणात प्रश्न पुढच्या वाढीचा असतो, म्हणून चालू किंमत सहसा चालते. वर्चस्वाच्या गैरवापराच्या प्रकरणात मात्र सुरुवात स्पर्धेतल्या किमतीपासून हवी. ती थेट दिसत नाही. अशा वेळी वस्तूचे गुणधर्म, वापर आणि खर्चाशी ताडलेली किंमत यांवर जास्त भर द्यावा लागतो.