मार्जिन कॉल ५० चा की ४५० चा?

> खातं मेंटेनन्सच्या फक्त ५० डॉलर खाली गेलं, मग ब्रोकर ४५० का मागतोय?

कारण भरणा मेंटेनन्सपर्यंत, म्हणजे खात्यात राहायलाच हवी अशा किमान शिल्लकेपर्यंत नाही, तर थेट इनिशियल मार्जिनपर्यंत, म्हणजे सौदा सुरू करताना ठेवलेल्या रकमेपर्यंत करावा लागतो. शिकागोच्या एक्स्चेंजवरचा मक्याचा एक फ्युचर्स करार घ्या. तो ५,००० बुशेलचा असतो, म्हणजे बुशेलमागे भाव एक सेंट हलला की ५० डॉलर. सोयीसाठी इनिशियल १,५०० आणि मेंटेनन्स १,१०० धरू. (खरे आकडे एक्स्चेंज अधूनमधून बदलतं.)

४५० सेंटला खरेदी केली. पहिल्या दिवशी सेटलमेंट, म्हणजे दिवसअखेरचा हिशेबाचा भाव ४४६, म्हणजे २०० गेले, उरले १,३००. हे १,१०० च्या वर, म्हणून पैसे भरण्याचा कॉल नाही. दुसऱ्या दिवशी ४४१. इथे बरेच जण ४५० मधून वजा करतात आणि कालचा तोटा दुसऱ्यांदा धरतात. फरक कालच्या ४४६ पासूनच काढायचा: पाच सेंट, २५० डॉलर. शिल्लक १,०५०, म्हणून ४५० भरून पुन्हा १,५००.

तिसऱ्या दिवशी ४४७, खात्यात १,८००. वरचे ३०० काढून घेता येतात. चौथ्या दिवशी ४५०, न काढल्यास १,९५०. भरलेही १,५०० अधिक ४५० एवढेच, म्हणजे नफातोटा शून्य. पण दुसऱ्या दिवशी पैसे भरले नसते तर ब्रोकरने सौदा तोट्यात कापला असता आणि ही भरपाई हातीच लागली नसती.

एनएसईवर मात्र ही १,१०० सारखी रेषा शोधू नका. तिथे रोजचा एमटीएम तोटा, म्हणजे त्या दिवसाच्या भावफरकाचा तोटा, कितीही छोटा असला तरी, रोखीनेच वळता होतो. तारण ठेवलेले शेअर त्यासाठी चालत नाहीत.