‘विरवणे’, ‘सांधणे’ की सरळ ‘क्रॉसफेड’?

सुमेधा

दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तके ध्वनिमुद्रित करणाऱ्या आमच्या गटासाठी मी संपादनाची छोटी मार्गदर्शिका लिहीत आहे. वाचकाची चुकलेली वाक्ये काढून उरलेले तुकडे जोडले की जोडाच्या जागी ‘टक्’ असा आवाज येतो, आणि तो घालवण्यासाठी प्रत्येक जोडावर अगदी लहान क्रॉसफेड द्यावा लागतो. मी लिहिले होते, ‘प्रत्येक कापाशी आवाज सूक्ष्म विरवावा.’ एका स्वयंसेविकेने ही सूचना तंतोतंत पाळली. तिने पहिला तुकडा शून्यापर्यंत विरवला, मग दुसरा शून्यापासून चढवला, आणि ‘सूक्ष्म’ म्हणजे किती हे मी न सांगितल्यामुळे प्रत्येक बाजूला सेकंदाचा दहावा भाग धरला. 12 मिनिटांच्या प्रकरणात असे 41 जोड होते. टकटक गेली, परंतु वाचनामागे पंख्याची जी संथ घरघर होती ती 41 वेळा तुटली, आणि एके ठिकाणी ‘काल’मधला ‘क’ जवळजवळ ऐकूच येईना. चूक तिची नाही, माझ्या क्रियापदाची आहे. एक आवाज उतरत असतानाच दुसरा चढतो, हे सांगणारा शब्द मराठीत आहे का?

अनंत

शब्द आहे, आणि तो आपण शाळेत शिकलो आहोत: संधी. ‘विद्या’ आणि ‘आलय’ यांचा ‘विद्यालय’ होताना पहिल्याचा शेवटचा आ आणि दुसऱ्याचा पहिला आ एकमेकांत मिसळून एकच आ उरतो. आपल्या दोन तुकड्यांच्या टोकांचे नेमके हेच होते. ‘सांधा’ आणि ‘सांधणे’ ही त्याच घराण्यातली रूपे बोलीत आजही जिवंत असताना ‘क्रॉसफेड’ लिहिण्याची गरज मला पटत नाही.

निखिल

मुळात तो शब्द लागतोच कशाला? लहर ज्या क्षणी शून्य रेषा ओलांडते तिथेच दोन्ही तुकडे कापावेत, म्हणजे शून्याला शून्य जुळते आणि टक् येत नाही. मी ऑडॅसिटीत निवड केल्यावर Z दाबतो, टोके आपोआप शून्यावर सरकतात. मार्गदर्शिकेत एवढेच लिहिले तरी पुरे आहे.

माधवराव

निखिल, तुमचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. टक् का येते ते आधी पाहू. सेकंदाला 44,100 नमुने घेतलेल्या ध्वनिमुद्रणात पहिल्या तुकड्याचा शेवटचा नमुना 0.3 वर असेल आणि दुसऱ्याचा पहिला उणे 0.2 वर, तर एका नमुन्याच्या अवधीत आवाजाने 0.5 ची उडी मारली. खऱ्या आवाजात अशी कड नसते. ती कड सगळ्या पट्ट्यांत एकदम वाजते, म्हणून कानाला टिचकी मारल्यासारखे वाटते. दहा मिलिसेकंदांचा क्रॉसफेड म्हणजे तीच उडी 441 नमुन्यांवर पसरवणे.

शून्यावर कापल्याने उडी जाते, पण लहर शून्यातून वर निघाली होती आणि पुढची खाली जाणारी जोडली गेली तर तिथे कोपरा राहतो, आणि खर्जातल्या आवाजात तो ‘ठप्’ असा ऐकू येतो. दोन वाहिन्यांच्या मुद्रणात तर डावी वाहिनी शून्यावर असताना उजवी तिथे असेलच असे नाही. शिवाय सकाळी वाचलेल्या वाक्याला दुपारचे वाक्य जोडले, तर मागची घरघर वेगळ्या पातळीची असते आणि ती शून्यावर कापूनही एकदम बदलते. म्हणून मी शून्यही पाहतो आणि क्रॉसफेडही देतो.

शब्दाबद्दल माझे मत अनुभवातून आले आहे. आम्ही रेडिओसाठी फीत ब्लेडने कापत असू. कापण्याच्या ठोकळ्यात एक सरळ आणि एक 45 अंशांची खाच असे, आणि बहुतेक वेळा आम्ही तिरकी खाच वापरत असू. पाव इंच रुंदीची फीत 15 इंच दर सेकंद या वेगाने धावते, तेव्हा तो तिरका काप हेडसमोरून जायला सेकंदाचा साठावा भाग लागतो, म्हणजे सुमारे 17 मिलिसेकंद. तेवढ्या वेळात पहिल्या तुकड्याची रुंदी कमी होत जाते आणि दुसऱ्याची वाढत जाते. क्रॉसफेड हे नाव तोंडी येण्याआधी आमच्या हातांनी तो हजारो वेळा दिला होता. आम्ही त्याला ‘तिरका जोड’ म्हणत असू.

रेखा

माझ्या कविता-वाचनातही असे खटके येतात. शब्दाच्या मधेच, विशेषतः ‘ल’ आणि ‘त’ म्हणताना. मी प्रत्येक जोडावर दहा मिलिसेकंद देऊन पाहिले, तरी ते गेले नाहीत. शब्द चुकीचा आहे की माझे काम चुकीचे आहे?

माधवराव

रेखाताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे. जोड थोडा पुढे किंवा मागे सरकवून पाहा. टक् त्याच्याबरोबर सरकली तर ती जोडाची, जागेवरच राहिली तर ती मूळ मुद्रणातली. तुमची बहुधा कोरड्या जिभेची आहे. तिच्यावर क्रॉसफेडचा उपाय नाही. वाचण्याआधी पाणी प्या आणि माइक तोंडासमोरून थोडा बाजूला घ्या.

शिरीष

मी चित्रफितींचे संपादन करतो. अनंतराव, ‘सांधा’ या शब्दाने नेमकी अडचण लपते. सांधा म्हटले की दोन गोष्टी कडेला कड लागून बसतात, तर क्रॉसफेडमध्ये त्या एकमेकांवर चढतात. हा फरक मला महागात पडला आहे. सुट्या फाइली मी अशा जोडत होतो:

```
ffmpeg -i a.wav -i b.wav -filter_complex "acrossfade=d=0.01" jod.wav
```

यात दर जोडाला दहा मिलिसेकंद खर्च होतात. सुमेधाताईंच्या 41 जोडांत एकूण 410 मिलिसेकंद गेले असते. पुस्तकाला त्याने बाधा येत नाही, परंतु सेकंदाला 25 चौकटींच्या चित्राबरोबर शेवटी ओठ आणि शब्द यांत दहा चौकटींचे अंतर पडते. संपादनाच्या प्रणालीत कापाच्या पलीकडचा मूळ आवाज शिल्लक असतो, म्हणून क्रॉसफेड तो वापरतो आणि लांबी बदलत नाही. फाइली काठोकाठ कापून बाहेर काढल्या की ती शिल्लक राहत नाही. माझ्या सहकाऱ्यांना हे सगळे ‘क्रॉसफेड’ या एका शब्दाने कळते. ‘संधी’ म्हटले तर त्यांना नोकरीची संधी आठवेल.

अनंत

तिरका जोड मला मान्य आहे, त्यात लाकूडकामाची जाणही आहे. सुतार दोन वासे लांबीत जोडताना टोके तिरपी तासून एकावर एक बसवतो, आणि तिथे लांबी कमी होतेच. परंतु ‘सहकाऱ्यांना कळते’ हा निकष लावला तर एकही मराठी पारिभाषिक शब्द कधी रुजणार नाही.

निखिल

‘तिरका जोड’ नवख्याला कळणार नाही. पडद्यावर काहीही तिरके कापलेले दिसत नाही.

माधवराव

पडद्यावर एक उतरती आणि एक चढती रेषा एकमेकींना छेदताना दिसते. तिरके तेच आहे.

सुमेधा

मी वाक्य बदलले आहे: ‘प्रत्येक जोडावर दोन तुकड्यांची टोके दहा मिलिसेकंद एकमेकांवर चढवावीत, पहिले उतरत असतानाच दुसरे चढले पाहिजे, मध्ये शांतता येता कामा नये. दुसरा तुकडा क, ट, प अशा अक्षराने सुरू होत असेल, तर जोड त्या अक्षराच्या आधीच्या विरामात घ्यावा.’ त्या स्वयंसेविकेने यावरून प्रकरण पुन्हा केले आणि घरघर अखंड राहिली, दोन जोड वगळता. त्या दोन ठिकाणी पंखा एका वाक्यात चालू आणि दुसऱ्यात बंद होता, तिथे मी तिला अर्धा सेकंद घ्यायला सांगितले आहे. शीर्षकात सध्या ‘तिरका जोड (क्रॉसफेड)’ असे ठेवले आहे.

शिरीष

कंस काढा आणि क्रॉसफेड आधी लिहा.

रेखा

पाणी पिऊन फरक पडला, आभार. पण त्या आवाजाला तुम्ही ‘टक्’ म्हणता आणि मी ‘खटका’ म्हणते. गाण्यात खटका ही हरकत आहे, घरी दिव्याचे बटण म्हणजे खटका. मार्गदर्शिकेत कोणता शब्द घेणार?