‘डायरेक्ट कॉम्प्लिकेशन्स’ला मराठीत काय म्हणावं?

आत्याचा भाचा: आत्याची आरोग्य विमा पॉलिसी तिला मराठीत लिहून देतोय. आधीपासूनचा आजार आणि त्याची ‘डायरेक्ट कॉम्प्लिकेशन्स’ यांच्यावरचा खर्च सलग ३६ महिने संरक्षण पूर्ण होईपर्यंत वगळला आहे. मी ‘जुना आजार आणि त्याच्याशी संबंधित आजार’ असं लिहिलं. तिला मधुमेह आहे, तो फॉर्मात नोंदवलाय. पॉलिसीला २६ महिने झालेत आणि आता मोतीबिंदू काढायचाय.

दावेविभाग: ‘संबंधित’ काढाच. मधुमेहाच्या बऱ्याच पेशंटना ब्लडप्रेशरही असतं, म्हणून ते मधुमेहातूनच आलं असं होत नाही. त्या एका शब्दाने मूळ पॉलिसीत नसलेलं बंधन आत्याच्या गळ्यात पडतं. ‘त्या आजारातूनच थेट उद्भवलेली गुंतागुंत’ लिहा.

काढाघर: आयुर्वेदात यासाठी नेमका शब्द आहे, ‘उपद्रव’. मूळ रोगामागून आलेला रोग.

दावेविभाग: शब्द अचूक आहे, पण आत्याला उंदरांचा उपद्रव आठवेल.

नानिवडेकर_७१: एवढा खल कशाला? ज्या आजारांचा खर्च पहिले २४ महिने मिळत नाही, त्यांच्या यादीत मोतीबिंदू असतो. २६ झाले, पैसे मिळणार.

दावेविभाग: यादीचं बरोबर आहे. पण त्याच कलमात पुढे आहे की आजार यादीतलाही असेल आणि आधीपासूनचाही, तर दोन्हींतली लांब मुदत लागू. मोतीबिंदूचं निदान पॉलिसीआधीच झालं असेल तर अजून १० महिने थांबावं लागेल. नंतर झालं असेल तर २४ची अट संपली, आणि कंपनी तो मधुमेहामुळे झाला म्हणते का, एवढंच उरतं. डॉक्टरांच्या कागदावर कारण काय लिहिलंय ते आधी वाचा.

सुधाताई: माझा भाऊ स्कूटरवरून पडला. गुडघ्याचं ऑपरेशन १४व्या महिन्यात नाकारलं. हीसुद्धा गुंतागुंतच का?

दावेविभाग: नाही ताई, तो वेगळा मुद्दा. यादीतली २४ महिन्यांची अट अपघातातून आलेल्या दाव्याला लागू होत नाही. नकाराच्या पत्रात कोणतं कलम दिलंय ते बघा. म्हणूनच मी वगळलेल्या खर्चांना ‘अपवाद’ म्हणत नाही. अपघात हा त्या वगळण्याला अपवाद आहे. दोन्हींना एकच शब्द वापरला की वाचणारा उलटा अर्थ घेतो.

काढाघर: तुमच्या ‘आजारातूनच’मधला ‘च’ मला खटकतो. वयही कारण आणि साखरही कारण असेल, तर ‘च’मुळे मोतीबिंदू कलमाबाहेर जातो. मूळ वाक्यात ‘थेट’ आहे, ‘केवळ’ नाही.

दावेविभाग: बरोबर, चूक माझी. ‘च’ काढा. ‘संबंधित’ने कंपनीचं पारडं जड केलं होतं, माझ्या ‘च’ने आत्याचं.

आत्याचा भाचा: मग वय आणि साखर दोन्ही असतील तर ‘थेट’ म्हणायचं की नाही?

दावेविभाग: ते पॉलिसीत लिहिलेलं नाही, म्हणून मराठीतही लिहू नका. शेजारी वेगळ्या शाईत टीप द्या, ‘इथे वाद होऊ शकतो.’

आत्याचा भाचा: निदानाची तारीख सापडली, पॉलिसीनंतरची आहे. कारणाच्या जागी डॉक्टरांनी काहीच लिहिलेलं नाही. उद्या विचारतो.