मठातलं मोफत मोतीबिंदू शिबिर: पत्रकात काय लिहावं? अनुभव सांगा

पत्रकाचा मसुदा असा आहे: "मोफत नेत्रतपासणी व मोतीबिंदू शस्त्रक्रिया शिबिर. रविवारी सकाळी ८ ते १२, मठाचा सभामंडप. सर्व जातिधर्मांच्या व्यक्तींनी लाभ घ्यावा. आधार व रेशन कार्डाची झेरॉक्स आणि जुना चष्मा आणावा." मागच्या खेपेस निवड झालेले कितीतरी जण रुग्णालयातून ऑपरेशनविनाच परत आले. तुम्ही अशा शिबिरांना गेला असाल तर सांगा, यात काय राहिलंय?

नेत्रविभागातली परिचारिका: परत पाठवतात ते बहुतेक साखर नाहीतर बीपी वाढल्यामुळे. "चालू असलेली सगळी औषधं पाकिटासकट आणा" हे ठळक लिहा. नुसतं "एक पांढरी, एक गुलाबी" सांगून आम्हाला काय कळणार? त्यातही लघवी अडते म्हणून टॅमसुलोसिन घेणारे आजोबा खूप असतात. त्या गोळीने ऑपरेशनच्या वेळी बुबुळ ढिलं पडतं, बाहुली आकसते. आधी कळलं तर सर्जन तयारीनिशी बसतात. गोळी पूर्वी घेतली असेल, आता बंद असेल, तरी सांगायला हवं. पण डोळ्यांच्या शिबिरात लघवीची गोळी कोण दाखवतो!

लातूरचे काका: उपाशीपोटी यावं हेही टाका. आम्ही त्या सकाळी बीपीची गोळीसुद्धा घेत नाही.

नेत्रविभागातली परिचारिका: काका, उपाशीपोटीची साखर मोजणार असतील तरच उपाशी. बीपीची गोळी मात्र घोटभर पाण्याबरोबर घ्यायचीच. ती चुकवली की तिथे बीपी १८० दिसतं आणि माणूस परत. इन्सुलिन घेऊन रांगेत उपाशी उभं राहणं तर धोक्याचंच.

एक मुलगा: "सोबत एक जण हवाच" लिहा. बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर बाबांना काही तास जवळचं धड दिसेना, ऊन सोसेना. आणि ते आले होते मोटारसायकलवर! गाडी तिथेच ठेवून आम्ही एसटीने घरी गेलो.

मिरजेची वाचक: आम्ही मुसलमान. आमच्या इथल्या शिबिराच्या पत्रकावर "सर्वांसाठी" होतं, पण नोंदणीचं टेबल गाभाऱ्यासमोर. अम्मी पायरीवरच थांबली. कुणी अडवलं नव्हतं, तिलाच अवघड वाटलं. टेबल बाहेरच्या मांडवात ठेवा आणि पत्रकातही तसं लिहा.

आणखी एक: माझे गुडघे फार दुखतात. तिथे बघतील का?

धागाकर्ता: नाही हो, फक्त डोळे. म्हणजे तेही लिहायला हवं! औषधांची पाकिटं, सोबतचा माणूस आणि मांडव हे तिन्ही घेतो.

पुण्याहून: आईचं रेशन कार्ड पांढरं आहे. तिची नुसती तपासणीच होणार की ऑपरेशनही?

धागाकर्ता: विश्वस्तांमध्येच यावर दोन मतं आहेत. ऑपरेशन रुग्णालय करणार, तेव्हा त्यांना विचारल्याशिवाय ती ओळ छापत नाही.