मदत हवी आहे: वॉर्डच्या ड्युटी लिस्टच्या स्क्रीनशॉटवरून प्रत्येकीच्या नाइट आणि शनिवार-रविवार कसे मोजू?

बदलापूर_लोकल
मी मुंबईतल्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. वॉर्डात आम्ही 9 जणी. ड्युटी लिस्ट व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून येते. आडव्या तारखा, उभी नावं. M सकाळ, E दुपार, N नाइट, NO नाइट ऑफ, O साप्ताहिक सुट्टी, L रजा. रोज रात्री दोघी असतात.

मार्च 2025ची लिस्ट बोटाने मोजली. एकदा माझ्या 9 नाइट आल्या, एकदा 8. एका सीनिअर ताईंच्या फक्त 4. शनिवार-रविवारीही मीच जास्त असते असं वाटतं, आणि रविवारी मेगाब्लॉक असला की घरून निघायचंच दोन तास आधी. इन्चार्ज सिस्टरांशी बोलायचंय, पण हातात पक्का आकडा हवा. एक्सेल जेमतेम येतं.

साधा_माणूस
एवढं मोजत काय बसता? सरळ युनियनकडे तक्रार करा.

बदलापूर_लोकल
तक्रार करायची नाहीये हो. माझंच मोजणं चुकत असेल तर?

पंकज_ठाणे
मोबाइलच्या एक्सेलमध्ये Data from Picture आहे, त्यातून फोटोचा तक्ता होतो. मग प्रत्येक ओळीला `=COUNTIF(B3:AF3,"N*")` लावा. चांदणी ठेवा, म्हणजे N नंतर चुकून स्पेस आली तरी मोजलं जाईल.

हिशोबनीस
पंकज, चांदणीने NO सुद्धा नाइट म्हणून मोजली जाईल. यांच्या लिस्टमध्ये ती चालणार नाही. Find & Replaceने स्पेस काढून टाका आणि नुसता N मोजा.

ताई, सूत्राआधी फोटोतून आलेला तक्ता तपासा. N चा M होतो, रिकामा चौकोन गळला की त्या ओळीचा पुढचा भाग डावीकडे सरकतो. रोज रात्री दोघी असतात, म्हणजे प्रत्येक तारखेखाली बरोबर 2 N आणि महिन्याला 62 यायला हवेत. ज्या तारखेला 1 किंवा 3 दिसेल, ती मूळ फोटोशी ताडून पाहा. मात्र नावंच एक ओळ खालीवर झाली तर ही बेरीज तरीही जुळेल. म्हणून दोन-तीन जणींच्या ओळी डोळ्यांनी वाचाच.

शनिवार-रविवारसाठी, तारखा दुसऱ्या ओळीत आहेत असं धरून:

```
=SUMPRODUCT((WEEKDAY($B$2:$AF$2,2)>5)*((B3:AF3="M")+(B3:AF3="E")+(B3:AF3="N")))
```

वर नुसतं 1, 2, 3 लिहू नका, पूर्ण तारीख टाका. नुसत्या 1 ला एक्सेल रविवार समजतं आणि 1 मार्च 2025 तर शनिवार होता. उत्तर येतं, पण चुकीचं, आणि ते कळतही नाही.

डॉ_रात्रपाळी
आम्हा रेसिडेंट डॉक्टरांचे कॉल तर 24 तासांचे. शनिवारचा कॉल रविवारी सकाळी संपतो, मग तो एक दिवस धरायचा की दोन? आमच्या युनिटमध्ये यावरून अजून वाद चालू आहे.

बदलापूर_लोकल
तक्ता केला. बेरीज 62 ऐवजी 58 आली. चार तारखांना एकच N दिसत होता, चारही ठिकाणी N चा M झालेला. त्यातला एक माझा होता. आता माझ्या नाइट 9, ताईंच्या 4. शनिवार-रविवारी मी 10 पैकी 8 दिवस कामावर, त्या 3 दिवस.

हिशोबनीस
त्या महिन्यात कोणाची रजा होती का?

बदलापूर_लोकल
ताईंचीच. 8 ते 19 मार्च, 12 दिवस. बाकी कोणी रजेवर नव्हतं.

हिशोबनीस
मग ताईंचे 4 नीट वाचा. नऊ जणींचे 279 दिवस होतात. त्यातून रजेचे 12 वजा केले की 267 उरतात. 62 नाइट त्यांच्यावर वाटल्या तर पूर्ण महिना असणारीच्या वाट्याला 7.2 येतात आणि ताईंच्या 19 दिवसांना 4.4. म्हणजे त्यांच्या 4 बरोबरच आहेत. तुमच्या 9 मात्र जवळजवळ दोनने जास्त आहेत.

त्यांच्या रजेत शनिवार-रविवारचे 4 दिवस गेले. उरलेल्या 6 पैकी त्या 3 दिवस आल्या, तुम्ही 10 पैकी 8. इथेही तुमचं जास्तच आहे, पण 8 विरुद्ध 3 इतकं नाही. एका महिन्यात असं योगायोगानेही होतं. जानेवारी-फेब्रुवारीच्या लिस्टही अशाच मोजा.

सिस्टर_परळ
माझी 22 वर्षं वॉर्डात गेली. शुक्रवारच्या नाइटचं काय? शनिवारी सकाळी 8 ला सुटायचं, लिस्टमध्ये शनिवारी NO. सूत्र म्हणतं शनिवार मोकळा. तो दिवस झोपेत जातो, मुलांना मिळत नाही. मी तो शनिवार ड्युटीतच धरते.

हिशोबनीस
मला हे पटत नाही. मग रविवारच्या नाइटनंतरचा सोमवारही धरावा लागेल. शुक्रवारच्या नाइटचा वेगळा रकाना ठेवा आणि कसं धरायचं ते वॉर्डात सगळ्यांनी मिळून ठरवा.

बदलापूर_लोकल
वेगळा रकाना केला. माझ्या शुक्रवारच्या नाइट 2, दोन्हींनंतरचा शनिवार NO. सिस्टर म्हणतात तसं धरलं तर माझे दहाच्या दहा होतात. ताईंबद्दल माझ्या मनात जे आलं होतं ते चुकीचं होतं, त्यांचं नाव मी काढणार नाही. जानेवारीची लिस्ट सापडली, फेब्रुवारीची ग्रुपवरून डिलीट झाली आहे. कोणाकडे आहे का ते उद्या हँडओव्हरच्या वेळी विचारते.